विज्ञानाच्या इंग्रजी टाचणाचे मराठीकरण : सूत्रे, एकके व चिन्हे कशी जपावीत

उच्च प्राथमिक वर्गांना विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांच्या हाती पुष्कळदा इंग्रजीत लिहिलेली पाठटाचणे येतात. कधी ती प्रशिक्षणवर्गात मिळतात, कधी शेजारच्या माध्यमिक शाळेतील शिक्षकमित्र देतात. टाचण चांगले असते, पण वर्गातील मुलांची भाषा मराठी असल्यामुळे ते मराठीत उतरवून घ्यावे लागते. हे काम वरवर पाहता सोपे वाटते. वाक्ये मराठीत आणावयाची आणि सूत्रे आहेत तशी ठेवावयाची, एवढेच ते आहे. तथापि कोणती गोष्ट बदलावयाची आणि कोणत्या गोष्टीस हातही लावावयाचा नाही, यांतील सीमारेषा लिहिताना पुसट होते आणि तिचा परिणाम मुलांच्या वहीत दिसून येतो.

एका शाळेच्या भेटीत सातवीच्या वर्गातील एक वही प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आली. ५०० ग्रॅम वस्तुमानाच्या दगडाचे वजन काढावयाचे होते. मुलाने ५०० ला ९.८ ने गुणून ४९०० असे उत्तर लिहिले होते. 'हे चार हजार नऊशे काय?' असे विचारता तो म्हणाला, 'ग्रॅम, गुरुजी.' या मुलाच्या घरी किराणा मालाचे दुकान होते आणि संध्याकाळी तो स्वतः गिऱ्हाइकांना साखर मोजून देत असे. अर्धा किलोचा दगड जवळजवळ पाच किलो भरतो असे दुकानात कोणी म्हटले असते, तर तो हसला असता. वर्गात मात्र त्याने ते निमूटपणे लिहिले, कारण टाचणात दिलेल्या सूत्राप्रमाणे उत्तर तसेच येत होते. ते सूत्र मराठी अक्षरांत उतरविलेले होते, आणि त्यातील 'ग' हे अक्षर म्हणजे ग्रॅम असे त्याने समजून घेतले होते.

मुलाचा गुणाकार बरोबर होता. चूक टाचण मराठीत उतरविताना झाली होती. ती कशी होते आणि कशी टाळता येते हे पाहण्यासाठी 'वस्तुमान व वजन' हाच पाठ आपण येथे आरंभापासून शेवटपर्यंत मराठीत उतरवून पाहू.

भाषेचे काय आणि भाषेबाहेरचे काय

विज्ञानाच्या टाचणात तीन प्रकारचा मजकूर असतो. पहिला प्रकार सामान्य वाक्यांचा. ही वाक्ये पूर्णपणे आपल्या भाषेची व्हावयास हवीत. दुसरा प्रकार पारिभाषिक शब्दांचा, उदाहरणार्थ वस्तुमान, वजन, बल, त्वरण. हे शब्द मराठीच आहेत, परंतु त्यांची निवड आपल्या मर्जीवर नसते. पाठ्यपुस्तकात जो शब्द आहे तोच टाचणात हवा. तिसरा प्रकार म्हणजे सूत्रे, एककांची चिन्हे आणि त्यांच्यासोबतच्या संख्या. हा मजकूर इंग्रजी लिपीत दिसत असला तरी तो इंग्रजी भाषेचा नव्हे. W = mg हे सूत्र पॅरिसच्या, टोकियोच्या व पुण्याच्या पुस्तकांत सारख्याच रीतीने वाचता येते. त्याचे भाषांतर करणे म्हणजे बेरजेच्या + या चिन्हाचे भाषांतर करण्यासारखेच आहे.

भारत सरकारने १९६१ साली वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषेसाठी जो आयोग नेमला, त्याने परिभाषेची जी तत्त्वे ठरविली त्यांतही हीच दिशा आहे. गणिती क्रियांतील अक्षरे रोमन अथवा ग्रीक असावीत आणि चिन्हे आंतरराष्ट्रीय रूपातच राहावीत, असे ती तत्त्वे सांगतात. मुलांच्या व सर्वसामान्य वाचकांच्या पुस्तकांत मात्र नेहमीच्या वजनमापांसाठी नागरी संक्षेप वापरण्याची मोकळीक त्यांत आहे. cm या चिन्हाऐवजी तेथे सेंमी लिहिले तरी चालते. भूमितीच्या आकृतीतील बिंदूंना आपली अक्षरे देण्यासही हरकत नाही.

या मोकळिकीचा उपयोग आपण विवेकाने करावा. वाक्यात बोलताना 'दोन किलोग्रॅम तांदूळ' असे पूर्ण शब्दात लिहावे. सूत्रात आणि उदाहरणाच्या मांडणीत मात्र kg हेच चिन्ह ठेवावे. ज्या मुलाने सातवीपर्यंत केवळ 'कि.ग्रॅ.' पाहिले आहे, त्याला पुढच्या वर्गात kg प्रथमच भेटते आणि ठाऊक असलेली गोष्ट त्याला नवी वाटू लागते.

आधी सूत्रांचा वेगळा कागद

आपल्यापुढील इंग्रजी टाचणात पाच गोष्टी आहेत. वस्तुमानाची व्याख्या व एकक, वजनाची व्याख्या, वजनाचे सूत्र आणि त्यातील अक्षरांचा अर्थ, स्थान बदलले असता वस्तुमान बदलत नाही पण वजन बदलते हे विधान, आणि शेवटी एक सोडविलेले उदाहरण.

लेखणी हाती घेताच पहिल्या वाक्याचे मराठी करू लागण्याचा मोह होतो. तो आवरावा. प्रथम मूळ टाचणातील प्रत्येक सूत्र, चिन्ह व एककासहित संख्या तांबड्या शाईने अधोरेखित करावी आणि त्यांना अनुक्रमांक देऊन ती एका वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावीत. आपल्या पाठासाठी हा कागद असा होतो :

१. kg
२. W = mg
३. m
४. g
५. 9.8 m/s²
६. N
७. 500 g
८. 4.9 N

मराठी मसुदा लिहिताना या जागी केवळ अनुक्रमांक चौकटीत लिहावा. 'वस्तुमानाचे एकक किलोग्रॅम असून त्याचे चिन्ह [१] आहे', अशा प्रकारे. मसुदा पूर्ण झाला, वाक्ये मनासारखी झाली, की मग मूळ कागदावरून पाहून एकेक चिन्ह जागेवर बसवावे. यात थोडा वेळ अधिक जातो, पण दोन लाभ होतात. भाषा घडविताना मनाचा जो भर असतो त्यात सूत्राला धक्का लागत नाही. शिवाय शेवटी आठच्या आठ जागा भरल्या की नाही हे मोजून पाहता येते. मोठ्या वाक्याचे दोन तुकडे करताना एखादे एकक गळून पडते, तेव्हा ते मोजणीवाचून ध्यानात येत नाही.

शब्दशः केलेले भाषांतर

घाईने केलेल्या भाषांतराचा मासला पाहा :

'वस्तुमान हे त्या वस्तूमध्ये सामावल्या गेलेल्या द्रव्याचे परिमाण असते, जे की सर्वत्र स्थिर राहते. वस्तूचे वजन हे ते बल होय ज्याने ती पृथ्वीद्वारे तिच्या केंद्राकडे आकर्षिली जाते आणि ते व = व × ग द्वारे दिले जाते, जेथे व हे वस्तुमान आणि ग हे गुरुत्वामुळेचे त्वरण आहे.'

यात शब्द मराठी आहेत, पण वाक्यांचा सांगाडा इंग्रजीच आहे. 'ज्याने ती तिच्या केंद्राकडे' या ओळीत 'ती' कोण आणि 'तिच्या' म्हणजे कोणाच्या, हे मुलाला उलगडत नाही. वस्तूही स्त्रीलिंगी आणि पृथ्वीही स्त्रीलिंगी. 'द्वारे दिले जाते' हे मराठीत कोणी बोलत नाही. कोण देतो, कोणाला देतो, असा प्रश्न मुलाच्या मनात उगाच उभा राहतो.

सूत्राची अवस्था याहून वाईट झाली आहे. वजन आणि वस्तुमान हे दोन्ही शब्द 'व' ने आरंभ होतात. त्यामुळे डावीकडेही व आणि उजवीकडेही व आला. बीजगणिताच्या नियमाने दोन्ही बाजूंचा व छाटला, तर ग = १ एवढेच उरते! ही आपत्ती टाळण्यासाठी कोणी 'वज' आणि 'वमा' अशी जोडनावे योजतात. पण मग दोन अक्षरे शेजारी आली की त्यांचा गुणाकार होतो, हा सूत्रलेखनाचा नियमच मोडतो. मुलाला प्रथम ही खासगी चिन्हे शिकावी लागतात आणि दोन वर्षांनी ती विसरावी लागतात.

एका शब्दाची अडचण

वाक्यांचे मराठी करण्यापूर्वी या पाठातील खरी अडचण ओळखून घेतली पाहिजे. 'वजन' हा शब्द बाजारात एका अर्थाने चालतो आणि विज्ञानात दुसऱ्या अर्थाने. दुकानदार 'साखरेचे वजन दोन किलो' म्हणतो, आणि तराजूच्या पारड्यात ठेवावयाच्या लोखंडी ठोकळ्यांनाही आपण वजनेच म्हणतो. या दोन्ही ठिकाणी प्रत्यक्षात वस्तुमान अभिप्रेत असते. विज्ञानातील वजन हे बल आहे. त्याचे एकक किलोग्रॅम नसून न्यूटन आहे.

इंग्रजी टाचणाच्या लेखकाने याविषयी बहुधा एक ओळही लिहिलेली नसते, किंवा आपल्या भाषेतील व्यवहाराला धरून लिहिलेली असते. मराठी टाचणात ही ओळ आपण घातलीच पाहिजे. मुळात नसलेले वाक्य घालणे हा येथे दोष ठरत नाही. मुलाच्या मनात जो अर्थ आधीपासून घर करून आहे, त्याचा उल्लेख केल्याशिवाय नवा अर्थ तेथे शिरत नाही.

आणखी एक सावधगिरी अशी की, अडलेल्या शब्दासाठी काही शिक्षक हिंदी पुस्तकाचा आधार घेतात. लिपी एकच असल्यामुळे ते सोयीचे वाटते. परंतु हिंदीत वस्तुमानाला 'द्रव्यमान' आणि वजनाला 'भार' म्हणतात, आणि आपल्याकडे विजेच्या पाठात 'विद्युतभार' हा शब्द अगदी निराळ्या अर्थाने येतो. टाचणात एका ठिकाणी वजन, दुसऱ्या ठिकाणी भार आणि तिसऱ्या ठिकाणी बोजा असे आले, तर मुले त्या तीन राशी समजतात. ललित लेखनात एकच शब्द पुनःपुन्हा आला तर कंटाळवाणे वाटते. विज्ञानाच्या टाचणात तो पुनःपुन्हा यावयासच हवा.

सोप्या मराठीतील टाचण

आता तोच मजकूर पुन्हा लिहू :

'प्रत्येक वस्तूत काही द्रव्य असते. वस्तूतील द्रव्यसंचयाला त्या वस्तूचे वस्तुमान म्हणतात. वस्तुमान किलोग्रॅममध्ये मोजतात. किलोग्रॅमचे चिन्ह kg असे आहे.

पृथ्वी प्रत्येक वस्तूला आपल्या केंद्राकडे ओढते. ज्या बलाने पृथ्वी वस्तूला ओढते, त्या बलाला वस्तूचे वजन म्हणतात. वजन हे बल असल्यामुळे ते न्यूटनमध्ये मोजतात. न्यूटनचे चिन्ह N असे आहे. बाजारात आपण "वजन दोन किलो" म्हणतो, तेव्हा आपल्याला वस्तुमान सांगावयाचे असते.

वस्तुमान ठाऊक असेल तर वजन पुढील सूत्राने काढतात :

W = mg

येथे W म्हणजे वजन, m म्हणजे वस्तुमान आणि g म्हणजे गुरुत्व त्वरण. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ g ची किंमत सुमारे 9.8 m/s² असते. उंचावरून सोडलेली वस्तू खाली येताना तिचा वेग दर सेकंदाला सुमारे 9.8 m/s इतका वाढत जातो, असा याचा अर्थ आहे. (हवेचा विरोध येथे धरलेला नाही.)

वस्तू कोठेही नेली तरी तिचे वस्तुमान बदलत नाही. वजन मात्र g वर अवलंबून असल्यामुळे ठिकाणाप्रमाणे बदलते.'

मूळ इंग्रजीत जे एक वाक्य होते त्याची येथे तीन-चार झाली आहेत. मराठीत क्रियापद शेवटी येते. त्यामुळे इंग्रजीतील जोडवाक्य तसेच्या तसे आणले तर अर्थासाठी शेवटपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. 'मोजले जाते' ऐवजी 'मोजतात', 'आकर्षिली जाते' ऐवजी 'पृथ्वी ओढते' असा साधा प्रयोग करावा. सूत्र मात्र वाक्याच्या पोटात कोंबू नये. वाक्य पूर्ण करून सूत्र स्वतंत्र ओळीवर लिहावे आणि लगेच खाली प्रत्येक अक्षराचा अर्थ द्यावा. फळ्यावर वाचताना प्रथम 'डब्ल्यू बरोबर एम जी' असे वाचावे आणि लगोलग 'वजन बरोबर वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण' असे मराठीत म्हणावे. चिन्ह डोळ्यांसाठी असते आणि शब्द कानांसाठी. दोन्ही एकत्र आले की मूल सूत्राला बिचकत नाही.

विभक्तिप्रत्यय शक्यतो चिन्हाला न लावता शब्दाला लावावा. 'mला gने गुणावे' असे लिहिले तर प्रत्यय चिन्हाचाच भाग भासतो. त्याऐवजी 'वस्तुमान m ला' असे सुटे लिहावे, किंवा त्याहून बरे म्हणजे 'm या वस्तुमानाला g या त्वरणाने गुणावे' असे लिहावे.

एकच अक्षर, दोन अर्थ

आपल्या उदाहरणातील मुलाचा घोटाळा 'ग' मुळे झाला, पण रोमन g ठेवला म्हणून तो आपोआप मिटतो असे नाही. आपल्या आठ नोंदींच्या कागदाकडे पाहा. चौथ्या नोंदीतील g म्हणजे गुरुत्व त्वरण आहे आणि सातव्या नोंदीतील g म्हणजे ग्रॅम आहे. त्याचप्रमाणे तिसऱ्या नोंदीतील m म्हणजे वस्तुमान आणि पाचवीतील m म्हणजे मीटर.

छापील पुस्तकात यासाठी एक संकेत पाळतात. राशीचे अक्षर तिरप्या ठशात छापतात आणि एककाचे चिन्ह सरळ ठशात. इंग्रजी टाचणाच्या लेखकाला हा भेद डोळ्यांनी दिसतो. हाताने उतरवून घेताना तो नाहीसा होतो. म्हणून मराठी टाचणात तो शब्दांनी सांगावा लागतो. मुलांना एक सोपी खूण द्यावी : संख्येच्या लगेच मागे आलेले अक्षर एकक असते, आणि सूत्रात संख्येवाचून आलेले अक्षर राशी असते. '500 g' मधील g ग्रॅम आहे, 'W = mg' मधील g गुरुत्व त्वरण आहे. ही खूण नेहमी उपयोगी पडावी म्हणून सूत्रात किमती घालताना संख्या व एकक ही दोन्ही एकत्रच घालावीत.

मोठे व लहान अक्षर हाही अर्थाचाच भाग आहे. किलोसाठी लहान k लिहितात, मोठा K हे केल्विनचे चिन्ह आहे. न्यूटनचे चिन्ह मोठे N आहे, कारण ते आयझॅक न्यूटन या शास्त्रज्ञाच्या नावावरून घेतले आहे. चिन्हापुढे संक्षेपाचे टिंब देऊ नये आणि अनेकवचनाचे s ही जोडू नये. 5 kg असेच लिहावे. तेथे s जोडला तर तो सेकंदाचे चिन्ह ठरतो. दुकानाच्या पाटीवर दिसणारे Kg., KGS, gm हे प्रकार टाचणात येऊ देऊ नयेत.

अंकांचा प्रश्न

मराठी मजकुरात नागरी अंक लिहिणे योग्यच आहे. सन, इयत्ता, पृष्ठांक, उदाहरणाचा क्रमांक हे सर्व नागरी अंकांत लिहावे. परंतु ज्या संख्येपुढे रोमन चिन्ह येते किंवा जी सूत्राच्या आत बसते, ती आंतरराष्ट्रीय अंकांतच ठेवावी. याचे कारण डोळ्यांच्या फसगतीत आहे. नागरी १ हा आंतरराष्ट्रीय 9 सारखा दिसतो आणि नागरी ४ हा 8 सारखा. घाईने लिहिलेल्या फळ्यावरील 9.8 ही संख्या एखाद्या मुलाने १.४ अशी वाचली, तर तो दोष त्याच्या लक्षाचा नव्हे. नागरी शून्य आणि अंशाचे लहान वर्तुळ यांचाही असाच घोटाळा होतो. उष्णतेच्या पाठात १०० °C लिहिताना जागा सोडली नाही, तर ते एक हजारासारखे भासते.

दोन्ही प्रकारचे अंक टाचणात राहतीलच. एकाच संख्येत वा एकाच मांडणीत मात्र ते मिसळू नयेत.

उदाहरण सोडवून पाहणे

मराठी टाचण तयार झाले की त्यातील उदाहरण मूळ इंग्रजीकडे न पाहता, केवळ मराठीवरून सोडवावे. आपले उदाहरण असे आहे : एका दगडाचे वस्तुमान 500 g आहे. पृथ्वीवर त्याचे वजन किती? (g = 9.8 m/s²)

प्रथम ग्रॅमचे किलोग्रॅम करावे, कारण न्यूटन हे एकक किलोग्रॅम, मीटर व सेकंद यांवरून ठरलेले आहे :

m = 500 g = 0.5 kg

W = mg = 0.5 kg × 9.8 m/s² = 4.9 N

ही मधली पायरी इंग्रजी टाचणात पुष्कळदा गाळलेली असते. मराठीत ती लिहावी. त्या मुलाच्या वहीत नेमकी हीच पायरी नव्हती. संख्यांबरोबर एककेही गुणिली, तर चूक स्वतःहून पुढे येते. kg × m/s² म्हणजे N हे जुळते. g × m/s² म्हणजे मात्र N नव्हे. ज्या उत्तरापुढे एकक लिहिलेलेच नाही, ते उत्तर तपासता येत नाही.

दुसरी कसोटी अर्थाची. मुलांना विचारावे की, हाच दगड चंद्रावर नेला तर काय होईल? तेथे गुरुत्व त्वरण सुमारे 1.6 m/s² आहे. वस्तुमान 0.5 kg च राहील, आणि वजन 0.5 kg × 1.6 m/s² म्हणजे 0.8 N होईल. दांडीच्या तराजूत एका पारड्यात दगड व दुसऱ्यात अर्ध्या किलोचे वजन ठेवले, तर चंद्रावरही दांडी समतोल राहील, कारण दोन्ही पारड्यांवरील ओढ सारख्याच प्रमाणात घटेल. तोच दगड ताणकाट्याला अडकविला तर मात्र काटा कमी दाखवील. ज्या मुलाने टाचण वाचून हे आपल्या शब्दांत सांगितले, त्याला वस्तुमान व वजन यांतील भेद समजला असे धरावे. तीन-चार मुलांना सांगता आले नाही, तर मुलांना दोष न देता ती वाक्ये पुन्हा लिहावीत.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. काही टाचणांत सोयीसाठी g = 10 m/s² धरलेले असते. मग वरील उत्तर 5 N येते. मराठी करताना '9.8 अधिक बरोबर' म्हणून ती किंमत बदलली आणि उत्तर तसेच ठेवले, तर मुलांपुढे न सुटणारे उदाहरण येते. किंमत बदलावयाचीच असेल तर संपूर्ण उदाहरण पुन्हा सोडवावे. जुन्या पुस्तकांवरून आलेल्या टाचणांत डाइन व सेंटिमीटर असतात आणि g ची किंमत 980 cm/s² दिलेली असते. तेथेही हाच नियम लागू आहे. ती किंमत चुकीची नाही, फक्त एककपद्धती निराळी आहे. अर्धी पद्धत जुनी व अर्धी नवी असे टाचण सर्वांत घातक. वस्तुतः 9.8 हीदेखील सुमाराची किंमत आहे. विषुववृत्ताजवळ ती 9.78 आणि ध्रुवांजवळ 9.83 m/s² इतकी असते. म्हणूनच टाचणातील 'सुमारे' हा लहानसा शब्द गाळू नये.

टंकलेखन करताना

टाचण संगणकावर टंकलिखित करावयाचे असेल, तर शेवटची तपासणी छापील कागदावर करावी. जुन्या पद्धतीच्या कित्येक मराठी टंकांत रोमन अक्षरांच्या जागी नागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असतात. असे पान एकदम निवडून त्याचा टंक बदलला की वाक्यांबरोबर सूत्रांचीही अक्षरे बदलतात आणि W = mg च्या जागी काही निरर्थक आकार उमटतात. युनिकोड पद्धतीने टंकलेखन केल्यास हा धोका राहत नाही. घातांकाकडेही असेच लक्ष द्यावे. मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना m/s² मधील वरचा 2 खाली उतरतो व m/s2 असे होते. न्यूटन व डाइन यांचे नाते 1 N = 10⁵ dyn असे आहे. त्यातील घातांक खाली आला तर एक लक्षाचे एकशे पाच होतात आणि वाचणाऱ्याला शंकाही येत नाही.

यासाठी आरंभी केलेला आठ नोंदींचा कागद पुन्हा हाती घ्यावा. एकाने त्यावरील नोंद मोठ्याने वाचावी व दुसऱ्याने छापील टाचणात ती बोटाने दाखवावी. अक्षर मोठे की लहान, अंक वर की खाली, एकक आहे की नाही, एवढेच पाहावे. आठ नोंदींना पाच मिनिटेही लागत नाहीत. सहकारी शिक्षक नसेल, तर सातवीतील एखादा मुलगा वा मुलगी हे काम आनंदाने करते.

वर सांगितलेल्या वहीत त्या मुलाने पुढे स्वतःच 4900 खोडून 4.9 N असे लिहिले. त्यासाठी त्याला नवे काही शिकवावे लागले नाही. सूत्र मूळ रूपात लिहून दिले, g चा अर्थ सांगितला आणि ग्रॅमचे किलोग्रॅम करावयास लावले. मग त्याने विचारले, 'म्हणजे दुकानात आम्ही वस्तुमानच विकतो ना, गुरुजी?' मराठी टाचणात मुळात नसलेले जे एक वाक्य आपण घातले, ते याच प्रश्नासाठी होते.